सोसायटी ग्रुप: फोनवर सतत येणाऱ्या ‘व्हायरस’च्या सूचना

ब-२०४ (काकू): काल रात्रीपासून माझ्या फोनवर दर थोड्या वेळाने ‘आपल्या फोनमध्ये व्हायरस आढळला आहे’ अशी सूचना येते. क्रोमची हिस्टरी पुसली, फोन बंद करून पुन्हा चालू केला, तरी ती थांबत नाही. कृपया कोणी मार्गदर्शन करावे.

क-५०१: काकू, त्या सूचनेवर कृपया बोट लावू नका. मथळ्याखाली बारीक अक्षरांत संकेतस्थळाचा पत्ता दिसतो का, तेवढे पाहा. तसा पत्ता असेल, तर ही सूचना फोनमधल्या व्हायरसची नसून, आपण कधीतरी परवानगी दिलेल्या संकेतस्थळाने क्रोममार्फत पाठवलेली आहे.

ब-२०४ (काकू): पत्ता आहे, पण अनोळखी आहे. काल मालिकेचा भाग शोधताना एका पानावर ‘तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करण्यासाठी Allow दाबा’ असे लिहिले होते आणि मी ते दाबले.

क-५०१: तीच ती परवानगी. ‘मी यंत्र नाही’ ही खरी तपासणी पानावरच होते आणि तिला सूचनांची परवानगी लागत नाही. हिस्टरी पुसल्याने ही परवानगी जात नाही, कारण क्रोम ती वेगळी जपून ठेवतो. क्रोममध्ये उजवीकडचे तीन ठिपके दाबून Settings, त्यात Site settings आणि पुढे Notifications उघडा. ज्या संकेतस्थळांना परवानगी आहे, त्यांच्या यादीत हा पत्ता सापडेल. त्यावर जाऊन सूचना बंद करा. परवानग्या मूळ स्थितीत आणण्याचा पर्यायही तिथे असतो, परंतु तो वापरल्यावर तेच संकेतस्थळ पुन्हा परवानगी मागू शकते. बंद केल्यावर मात्र मागू शकत नाही. म्हणून या पत्त्यासाठी बंद करणेच योग्य.

ब-२०४ (काकू): यादीत तसे दोन पत्ते निघाले, दोन्ही बंद केले. त्याच यादीत बँकेचेही नाव आहे, ते ठेवले. पण त्या पानाने कॅमेराही वापरला असेल का, ही धास्ती वाटते.

अ-१०३: त्याच Site settings मध्ये Camera आणि Location अशा स्वतंत्र नोंदी आहेत, त्या उघडून पाहा. कॅमेरा किंवा ठिकाण वापरण्यासाठी ते पान उघडे असावे लागते; सूचना मात्र पान बंद असतानाही येतात, म्हणूनच तुम्हाला रात्रभर त्रास झाला. ठिकाणासाठी दोन दारे असतात: संकेतस्थळाला क्रोमची परवानगी आणि क्रोमला फोनची. त्यामुळे नकाशा चालेनासा झाला, तर दोन्हीकडे पाहावे लागते.

ब-२०४ (काकू): Camera मध्ये त्या दोघांपैकी एकाचेही नाव नाही. Location मध्ये जेवण मागवायचे संकेतस्थळ तेवढे आहे, ते मीच दिले होते. तासभर झाला, एकही सूचना आलेली नाही.