शब्दचर्चा: ‘दूरस्थ नुकसान’ म्हणजे नेमकं किती दूर?

अनुवादिनी: एका जुन्या निकालाचा मराठी गोषवारा लिहितेय. ‘रिमोट’ नुकसानीसाठी आधीच्या अनुवादकाने ‘दूरस्थ नुकसान’ वापरलंय. वाचणाऱ्याला ते लांबच्या गावी झालेलं नुकसान वाटतं. खरा प्रश्न आहे की चूक करणाऱ्याने कुठपर्यंत भरून द्यायचं. यापेक्षा बरा शब्द आहे का?

तात्या_वाईकर: त्यात काय अवघड! कावळा बसायला आणि फांदी तुटायला. ‘काकतालीय नुकसान’ लिहा.

जुना_वकील: नाही हो तात्या. कावळ्यामुळे फांदी तुटलेलीच नसते, नुसता योगायोग. असा दावा पहिल्याच पायरीवर पडतो. इथे मात्र चूक झाली नसती तर नुकसानही झालं नसतं, हे सगळ्यांना मान्य असतं, आणि तरी भरपाई मिळत नाही. अनुवादिनीताई, तुमचा निकाल ‘वॅगन माउंड’चा आहे का?

अनुवादिनी: हो, तोच!

जुना_वकील: मग जरा ऐसपैस सांगतो. 30 ऑक्टोबर 1951, सिडनी बंदर. ‘वॅगन माउंड’ जहाजात इंधन भरताना हलगर्जीपणाने बरंच फर्नेस ऑइल पाण्यात सांडलं. सुमारे सहाशे फुटांवर मॉर्ट्स डॉक कंपनीचा धक्का, तिथे दुसऱ्या जहाजाच्या दुरुस्तीचं वेल्डिंग चालू. त्यांच्या व्यवस्थापकाने तेल पाहून काम थांबवलं आणि चौकशी केली. पाण्यावर पसरलेलं हे तेल पेटत नाही असा समज पक्का झाल्यावर काम परत सुरू केलं. 1 नोव्हेंबरला वितळलेला धातू खाली पडला तो पाण्यावर तरंगणाऱ्या कचऱ्यातल्या कापसाच्या बोळ्यावर. बोळा धुमसला, त्याची वात झाली, तेलाने पेट घेतला आणि धक्का जळाला.

1921च्या एका निकालाप्रमाणे चुकीतून थेट जे जे घडलं ते सगळं चुकणाऱ्याच्या माथी येत असे. 1961मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो निकष सोडून दिला. तेलाने जहाजं चढवायचे-उतरवायचे उतार बरबटतील हे कोणालाही आधी दिसलं असतं, पण पाण्यावर आग लागेल हे समंजस माणसाला सुचलं नसतं, असं खालच्या कोर्टाने ठरवलंच होतं. म्हणून आगीची भरपाई नाही.

ठाणेकर_सचिन: म्हणजे मधे बोळा, वेल्डिंग वगैरे कड्या जास्त झाल्या म्हणून सुटले.

जुना_वकील: अर्धं बरोबर. कड्या मोजून काही ठरत नाही. एडिनबरोत रस्त्यावर एक मॅनहोल उघडं ठेवून कामगार चहाला गेले, भोवती रॉकेलचे दिवे. एका मुलाच्या हातून दिवा आत पडला, स्फोट झाला आणि मुलगा भाजला. स्फोट कोणाला सुचला नसता. पण दिव्याने मूल भाजेल हे सुचायला हवं होतं, म्हणून 1963मध्ये भरपाई मिळाली. नुकसानीचा प्रकार आधी दिसला पाहिजे, ते कोणत्या वाटेने आलं याचा तपशील दिसायची गरज नाही.

वरच्यांमुळे_त्रस्त: माझंही असंच. वरच्यांनी नळ उघडा ठेवला, आमचं पीओपी कोसळलं. घराची दशा पाहून मुलीला बघायला आलेली मंडळी परत गेली, स्थळ गेलं. लग्नाचं नुकसान वसूल होईल का?

तात्या_वाईकर: जावई काय दरानं लावणार?

जुना_वकील: ताई, पीओपी, वायरिंग, भिजलेल्या गाद्या नक्की मागा. स्थळाचं टिकणार नाही. नळ उघडा ठेवणाऱ्याला पाणी गळेल हे कळतं, सोयरीक मोडेल हे कसं कळावं?

ठाणेकर_सचिन: पण त्याच आगीचा दुसरा निकाल उलटा लागला, असं वाचल्यासारखं वाटतं.

जुना_वकील: लागला, 1966मध्ये. धक्क्यावरच्या जहाजांचे मालक कोर्टात गेले आणि जिंकले. त्यांनी पुरावा आणला की असं तेल पेटणं कठीण असलं तरी अशक्य नाही, आणि हे जहाजाच्या मुख्य इंजिनियरला कळायला हवं होतं. धोका लहान, पण टाळायला कवडीचा खर्च नव्हता. गंमत बघा, धक्केवाल्यांना हा मुद्दा लावून धरणं परवडणारं नव्हतं. आग लागेल हे दिसत होतं म्हणावं, तर तुम्ही वेल्डिंग का केलं, हा प्रश्न पुढे उभा. त्या वेळी तिथल्या कायद्यात फिर्यादीची स्वतःची हयगय दिसली की अख्खा दावा बुडायचा.

तात्या_वाईकर: बरं, ‘दूरान्वित’ कसं वाटतं?

अनुवादिनी: ‘दूरान्वयानेही संबंध नाही’ म्हणतो आपण, म्हणजे संबंध नाकारतोच. पुन्हा तुमचा कावळा आला. मी ‘अकल्पित नुकसान’ लिहू का?

जुना_वकील: या निकालापुरतं चालेल. पण 1872च्या करार कायद्याच्या कलम 73मध्येही हीच संज्ञा आहे, आणि तिथे करार करताना दोघांना काय माहीत होतं ते पाहतात. माझ्या मते तिथे ‘अकल्पित’ बसत नाही.

ठाणेकर_सचिन: मला बसतो वाटतं. माहीत नव्हतं म्हणजेच कल्पना नव्हती ना?