सेन्सर मोठा, पण लेन्स कोणती?

"ट्रॅव्हलसाठी एक इंची सेन्सरवाला कॉम्पॅक्ट नको, सरळ एपीएस-सी मिररलेस घ्या, अंधारात फोटो चांगले येतात"

अर्धंच पटलं. बॉडीसोबत कोणती लेन्स येते ते पण बघा की राव. कॅननच्या आर५० या एपीएस-सी मिररलेससोबतची १८-४५ किट लेन्स वाइडलाच एफ/४.५ आहे आणि सोनीच्या आरएक्स१०० मार्क ५ए या एक इंची कॉम्पॅक्टवर एफ/१.८, म्हणजे किट लेन्समधून सेन्सरच्या तेवढ्याच जागेवर साधारण सहापट कमी उजेड पडतो.

संगम माहुलीला देवळात आम्ही दोघं मित्र शेजारी उभे होतो, दोघांचाही शटर १/३०. माझ्या कॉम्पॅक्टला आयएसओ ८०० पुरला, त्याच्या मिररलेसला किटवर ५००० च्या आसपास न्यावा लागला, आणि सेन्सर जेमतेम तिप्पट मोठा, त्यामुळे दाणे त्याच्याच फोटोत जास्त (तो अजून मानत नाही ते सोडा). मग त्यानं झूम नसलेली ५० एमएम एफ/१.८ प्राइम लेन्स लावली तेव्हा मात्र मला गप्प केलं, फक्त ती एपीएस-सीवर ८० सारखी दिसते, त्यामुळे अख्खा सभामंडप काय फ्रेममध्ये बसेना.

म्हणून पुढेमागे प्राइम घेणार असाल तरच मिररलेस, किटवरच भागवायचं असेल तर कॉम्पॅक्ट.