दोन कॉलमचा रेझ्युमे
"रेझ्युमेचा फोटो पाठवलाय. दोन कॉलम केले म्हणूनच सगळं एका पानात बसलं. तसंच ठेवू का?"

नको, एकच कॉलम करा. डावीकडे स्किल्सचा पट्टा आणि उजवीकडे प्रोजेक्ट, हे डोळ्यांना नीट दिसतं. पण पोर्टलवरचं सॉफ्टवेअर कधी कधी दोन्हीकडच्या ओळी आडव्या सलग वाचतं. माझ्या पहिल्या रेझ्युमेत 'जावा' असाच कॉलेजच्या नावात घुसला होता. पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका, घोटाळा असेल तर बहुतेक तिथेच दिसेल.

जागेसाठी तळाचं डिक्लरेशन, वडिलांचं नाव, जन्मतारीख काढा आणि पत्त्यात फक्त शहर ठेवा. पाच-सहा ओळी सुटतील, त्यात प्रोजेक्ट शिक्षणाच्या लगेच खाली घ्या. अर्जाला मात्र हा फोटो नको, मूळ फाइलची पीडीएफच जोडा. फोटोतला मजकूर सॉफ्टवेअरला नीट वाचता येईलच असं नाही.