शेंगदाण्याची ॲलर्जी: वर्गशिक्षिकेला द्यायच्या चिठ्ठीत नेमके काय लिहावे?

अबोली

माझी मुलगी सात वर्षांची असून नव्या सत्रापासून ती नव्या शाळेत जाणार आहे. तिला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. मागे एकदा शेंगदाण्याची पूड असलेल्या बिस्किटाचा तुकडा खाल्ल्यावर थोड्याच वेळात तिला उलटी झाली, अंगभर गांधी उठल्या आणि आवाज घोगरा झाला. तेव्हापासून डॉक्टरांनी ॲड्रेनालिनचे पेन कायम जवळ ठेवायला सांगितले आहे. वर्गशिक्षिकेसाठी मी पुढील चिठ्ठी तयार केली आहे. तिच्यात काय कमी आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

«आदरणीय बाई, स.न.वि.वि. माझ्या मुलीला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी आहे. कृपया तिला शेंगदाणे किंवा शेंगदाण्याचे पदार्थ देऊ नयेत. तिला फळे, भात, भाज्या, उकडलेले अंडे, दही, चीज, पाव आणि बिस्किटे चालतात. काही त्रास झाल्यास मला लगेच फोन करावा. औषध तिच्या दप्तरात आहे.»

खडूफळा

मी प्राथमिक वर्गांना शिकवते, म्हणून ही चिठ्ठी ज्या नजरेने वाचली जाईल त्या नजरेने बोलते. «काही त्रास झाल्यास» या शब्दांवरून मला काहीच करता येणार नाही, कारण वर्गात दररोज कोणाचे ना कोणाचे पोट दुखतच असते. त्यापुढे तुम्ही फोन करायला सांगितले आहे, म्हणजे मी आधी फोन करीन आणि तुम्ही उचलेपर्यंत थांबेन. औषधाचा उल्लेख अगदी शेवटी आहे आणि ते कधी, कसे द्यायचे याबद्दल एक अक्षरही नाही.

दुसरी अडचण चालणाऱ्या पदार्थांच्या यादीची आहे. «बिस्किटे चालतात» असे वाचल्यावर कोणाच्या वाढदिवसाला आलेले बिस्किट मी तुमच्या मुलीला निर्धास्तपणे देईन. तुमच्या मनात घरचे, वेष्टन तपासून घेतलेले बिस्किट असेल, पण चिठ्ठीत तसे म्हटलेले नाही. शिक्षकाच्या हाती यादी पडली की ती परवानगी म्हणूनच वाचली जाते.

धोपटमार्गी

इतका विचार कशासाठी करायचा? वर्गात शेंगदाण्याला सरसकट बंदी घालावी आणि मुलांच्या हातावर सॅनिटायझर द्यावा, म्हणजे प्रश्नच मिटतो. काही मुलांना तर नुसत्या वासानेही झटका येतो असे ऐकले आहे, त्यामुळे बंदीला पर्याय नाही.

निशिगंध

मी मुलांच्या ॲलर्जी विभागात परिचारिका आहे. हात स्वच्छ करण्याचा मुद्दा योग्य आहे, पण साधन चुकले आहे. सॅनिटायझर जंतू मारतो. शेंगदाण्याचे प्रथिन मात्र हातावर तसेच राहते. त्यासाठी साबण आणि पाणी हवे, नाहीतर ओले पुसणे तरी हवे. खाण्याआधी या मुलीने आणि खाल्ल्यानंतर इतर मुलांनी साबणाने हात धुतले, तर बंदीपेक्षा अधिक उपयोग होईल. बाकही साबणाच्या पाण्याने किंवा नेहमीच्या सफाईच्या द्रावणाने पुसता येतो.

वासाची भीती समजण्यासारखी आहे, पण जो वास येतो त्यात प्रथिन नसते. शेंगा सोलताना किंवा दाणे दळताना उडणारी धूळ ही वेगळी गोष्ट आहे, तिच्यापासून दूर राहावे. त्वचेला स्पर्श झाला तर बहुधा त्या जागी पुरळ येते. खरा धोका तो हात तोंडात गेल्यावर निर्माण होतो. सरसकट बंदीने अपघात कमी होतात, असा ठोस पुरावा आजवर मिळालेला नाही. उलट वर्गात शेंगदाणा नाहीच, असे सगळे धरून चालतात आणि सावधगिरी सैल होते. तरीही लहान वर्गांत, जिथे मुले एकमेकांच्या डब्यात हात घालतात, तिथे पालकांना विनंती करण्यात गैर काही नाही, असे माझे मत आहे. आमच्याच विभागात याविषयी दोन मते आहेत.

आता औषधाविषयी. शेंगदाणा पोटात गेल्यावर लक्षणे बहुधा काही मिनिटांत, क्वचित दोन तासांपर्यंत दिसू लागतात. चार गांधी उठल्या आणि बाकी मूल ठीक असेल, तर डॉक्टरांच्या आराखड्याप्रमाणे ॲलर्जीचे साधे औषध देऊन मुलाजवळ बसून लक्ष ठेवतात. श्वास घरघरणे, सतत खोकला, आवाज बदलणे, जीभ सुजणे, मूल फिके पडणे किंवा गळून जाणे यांपैकी एक जरी दिसले, तरी आधी पेन वापरायचे आणि मग फोन करायचा. अंगावर गांधी आणि त्याबरोबर उलट्या असल्या, तरी तेच. ॲलर्जीचे साधे औषध खाज कमी करते, पण बंद होत चाललेला श्वास मोकळा करत नाही. त्याचा गुण येतो का हे पाहण्यात मोलाचा वेळ जातो.

खडूफळा

यात एक गोष्ट जोडते, कारण शाळांमध्ये ती हमखास चुकते. मुलाला बरे वाटेनासे झाले की सोबत एखादी मैत्रीण देऊन त्याला कार्यालयात पाठवायची आपली पद्धत असते. या मुलीच्या बाबतीत तसे करायचे नाही, हे चिठ्ठीत ठळकपणे लिहा.

निशिगंध

अगदी खरे आहे. अशा वेळी रक्तदाब झपाट्याने उतरू शकतो आणि मूल उभे राहिले किंवा चालले तर ते कोसळू शकते. पेन मुलापर्यंत आणायचे, मुलाला पेनापर्यंत न्यायचे नाही. त्याला आडवे ठेवून पाय उंच करावेत; श्वास घ्यायला त्रास होत असेल तर बसू द्यावे, पण उठवू नये. पेन कुलूपबंद कपाटात ठेवले तर किल्ली शोधण्यातच वेळ जातो. ते फ्रिजमध्ये नको आणि उन्हातही नको, खोलीच्या तापमानाला ठेवावे. अबोली, मुलीचे वजन किती आहे आणि पेन किती मात्रेचे आहे?

आगंतुक

माझ्या मुलाला दूध प्यायल्यावर पोट फुगण्याचा त्रास होतो. आम्ही शिक्षकांना फक्त «थोडे चालते, जास्त देऊ नका» असे सांगितले आहे आणि आजवर काही अडलेले नाही. तुम्हीही थोड्या प्रमाणात देऊन सवय का लावत नाही?

निशिगंध

तुमच्या मुलाला बहुधा दुधातील साखर पचत नाही. तिथे प्रमाण कमी केले की त्रासही कमी होतो. या मुलीची प्रतिकारशक्ती प्रथिनाच्या कणावरही उलटू शकते, म्हणून «थोडे चालते» हे वाक्य तिच्या चिठ्ठीत कधीही येऊ नये. मोजून थोडे थोडे देण्याचे उपचार आहेत, पण ते तज्ज्ञांच्या देखरेखीखाली होतात, वर्गात नव्हे.

अबोली

वजन 21 किलो आहे आणि पेन 0.15 मिलिग्रॅमचे आहे. तिच्याकडे अशी दोन पेने आहेत.

डब्याबद्दल माझे दोन प्रश्न आहेत. बदामाची तपासणी केली तेव्हा काही निघाले नाही आणि घरी ती बदाम खाते. मग शाळेत द्यावे का? दुसरे म्हणजे पावाला लावायला मी सूर्यफुलाच्या बियांचे लोणी वापरते, ते हुबेहूब शेंगदाण्याच्या लोण्यासारखे दिसते.

निशिगंध

मात्रा वजनाला योग्य आहे. पंधरा ते तीस किलोपर्यंत सहसा तीच देतात. पुढे ती कधी वाढवायची हे डॉक्टर ठरवतील.

बदाम घरी खुशाल खाऊ द्या. शाळेत मात्र मी टाळेन, कारण सुकामेवा अनेकदा शेंगदाण्यांबरोबर एकाच यंत्रावर भाजला किंवा भरला जातो. शिवाय कोणता दाणा चालतो आणि कोणता नाही, हे वर्गातल्या गडबडीत ओळखण्याचे काम शिक्षिकेवर टाकू नये. शेंगदाणा हा खरे तर वाटाणा-हरभऱ्याच्या कुळातला आहे, म्हणून काही पालक सगळ्याच डाळी बंद करतात. मुलगी त्या विनातक्रार खात असेल, तर त्या बंद करण्याचे कारण नाही.

खडूफळा

सूर्यफुलाचे लोणी पाठवणार असाल तर डब्यावर तसे लिहा आणि मलाही आधी कळवा. अन्यथा एक दिवस मी घाबरून डबा काढून घेईन, आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या मुलाच्या डब्यातले खरे शेंगदाण्याचे लोणी पाहूनही गप्प बसेन. माझ्या मते ते शाळेत नकोच.

डब्यापलीकडेही पाहावे. पक्ष्यांसाठी खाऊ टांगण्याच्या उपक्रमात शेंगदाण्याचे लोणी वापरतात, गणितात मोजायला दाणे घेतात आणि हस्तकलेला खाऊची रिकामी खोकी आणायला सांगतात. असे काही करण्याआधी मला तुमची चिठ्ठी आठवली पाहिजे.

अबोली

सर्वांचे आभार. सुधारलेली चिठ्ठी देत आहे. चालणाऱ्या पदार्थांची लांब यादी काढून तिच्या जागी एकच नियम ठेवला आहे.

«आदरणीय बाई, स.न.वि.वि.

माझ्या मुलीला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी आहे. शेंगदाणा पोटात गेल्याची शंका आली आणि तिचा श्वास घरघरू लागला, खोकला थांबेना, आवाज बदलला, जीभ सुजली, ती फिकी पडली किंवा गळून गेली, अथवा गांधी उठून उलट्या झाल्या, तर कृपया आधी पेन वापरावे. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला मध्यभागी, कपड्यावरूनही देता येते. त्यानंतर रुग्णवाहिका बोलवावी आणि मग मला कळवावे. पाच मिनिटांत उतार न पडल्यास दुसरे पेन द्यावे. तिला बरे वाटले तरी रुग्णालयात न्यावेच, कारण त्रास काही तासांनी पुन्हा उलटू शकतो. तिला उभे करू नये, चालवू नये आणि एकटी कोठेही पाठवू नये.

«घशात काहीतरी अडकले आहे» किंवा «जीभ टोचते आहे» असे ती म्हणाली, तर ते टाळाटाळीचे बोलणे समजू नये. तिचा त्रास तिला याच शब्दांत सांगता येतो.

तिने फक्त घरून आलेलेच खावे. डब्यात ताजी फळे, भात, भाज्या, उकडलेले अंडे किंवा दही असे घरी केलेले पदार्थ असतील. वेष्टनातला खाऊ मी दर वेळी घटक वाचून पाठवीन, कारण त्याच नावाच्या पदार्थाचे घटकही बदलतात. म्हणून दुसऱ्या मुलाकडचे तेच पाकीट तिला चालेल असे धरू नये. वाढदिवसासाठी मी तिच्या नावाचा बंद डबा आपल्याकडे ठेवते. त्यातला खाऊ तिला द्यावा. खाण्याआधी तिचे हात साबणाने धुतले जावेत. उपक्रमात खाद्यपदार्थ किंवा त्यांची खोकी वापरायची असल्यास आदल्या दिवशी कळवावे.

दोन्ही पेने आणि डॉक्टरांचा सहीचा आराखडा सोबत देत आहे. ती कोठे ठेवायची आणि कोणी वापरायची, हे आपण भेटून ठरवू.»

खडूफळा

आता मला काय करायचे ते कळते. याची एक प्रत हजेरीच्या वहीत लावायला सांगा, म्हणजे मी रजेवर असताना बदली येणाऱ्या शिक्षिकेलाही ती दिसेल. भेटायला जाताना सरावाचे, सुई नसलेले पेन मिळाले तर घेऊन जा. माझ्यासारख्यांची भीती वाचून जात नाही, एकदा हाताने दाबून पाहिले की जाते.

धोपटमार्गी

सॅनिटायझरचे म्हणणे मी मागे घेतो, बंदीचे नाही. एक विचारायचे आहे: शाळेने शिक्षकांना इंजेक्शन द्यायला परवानगी नाकारली, तर पुढे काय?

अबोली

मलाही तीच काळजी आहे. भेटीत मी पहिला प्रश्न हाच विचारणार आहे आणि जे ठरेल ते लेखी मागणार आहे. तोवर पेने तिच्या कमरेच्या पिशवीत राहतील, पण तिचे वय पाहता तिने स्वतः टोचून घ्यावे अशी अपेक्षा मी ठेवलेली नाही. ज्यांच्या शाळेने हा प्रश्न सोडवला आहे, त्यांनी कसा सोडवला ते लिहावे.