मदत हवी आहे: वॉलेटसोबतच्या ऑफरमध्ये ‘नवा ग्राहक’ कसा ठरवायचा?

एका वॉलेट कंपनीबरोबर दुकानाची कॅशबॅक ऑफर ठरते आहे. किमान ५०० च्या पहिल्या बिलावर १० टक्के कॅशबॅक, जास्तीत जास्त १००, खर्च निम्मा-निम्मा.

घोडं अडलंय ते ‘नवा’ कोण यावर. त्यांची सिस्टीम फक्त आमच्या मर्चंट आयडीवर ग्राहकाच्या वॉलेट खात्याचा पहिला व्यवहार बघते. म्हणजे आजवर रोख देणारं जुनं गिऱ्हाईकही त्यांच्या लेखी नवंच! समजा १०० जणांनी ८०० चं बिल केलं, तर आमचा वाटा ४,०००. त्यातले ६० जुने निघाले तर एक नवा ग्राहक कागदावर ४० ला, प्रत्यक्षात १०० ला पडतो.

बिलिंगमधल्या मोबाइल नंबरांशी ताळा करता येईल, पण संमतीशिवाय ते नंबर कंपनीला द्यायचे नाहीत आणि रोखीच्या बिलांवर बहुतेकदा नंबर नसतोच. म्हणून अर्धा कॅशबॅक पहिल्या बिलावर आणि अर्धा ३० दिवसांतल्या दुसऱ्या बिलावर द्यावा असं वाटतंय. जुनं गिऱ्हाईक त्यानेही गळणार नाही, पण फक्त ऑफरपुरते येणारे निम्म्यावर थांबतील.

कुणी असा करार केलाय का? ‘नवा’ची व्याख्या कलमात कशी लिहिलीत? आणि माल परत आला की दिलेला कॅशबॅक कोणाच्या खात्यातून वळता होतो?