अनुभव धागा : परक्या देशात कोणती वाक्यं खरोखर कामी आली?

दीपशिखा
पुढच्या महिन्यात मी पहिल्यांदाच देशाबाहेर जाते आहे. आधी स्पेन, मग फ्रान्स. सोबत नऊ वर्षांची मुलगी आहे आणि तिला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. प्रवासी वाक्यांची दोन पुस्तकं चाळली, पण समोरचा काय उत्तर देईल हे त्यांत कुठेच नाही. रस्ता विचारताना, जेवण मागवताना किंवा अचानक काही झालं तेव्हा तुम्ही काय बोललात आणि पुढे काय घडलं, ते सविस्तर सांगाल का? इतर देशांचे अनुभवही चालतील.

पाणपोई
माझ्या मुलाला बदाम आणि हेझलनटची ॲलर्जी आहे, म्हणून लिहिते. बार्सिलोनाला जाण्याआधी मी 'नट्स'साठी 'नुएसेस' हा शब्द पाठ केला होता. वेटरला नीट विचारलं, यात नुएसेस आहेत का? त्याने आत जाऊन चौकशी केली आणि नाही म्हणून सांगितलं. तो खोटं बोलत नव्हता. नुएसेस म्हणजे फक्त अक्रोड, आणि अक्रोड खरंच नव्हते. भाजलेल्या भाज्यांसोबत लालसर रोमेस्को सॉस होता. तो बदाम आणि हेझलनट वाटूनच करतात.

दोन घास झाले आणि तो ओठ चोळायला लागला. मानेवर गांधी उठल्या, मग खोकला सुरू झाला आणि आवाज बसला. आवाज बदलला की थांबायचं नाही, हे आमच्या डॉक्टरांनी बजावलेलं होतं. ॲड्रेनॅलिनचं पेन मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोचलं, त्याला आडवं झोपवलं, पाय उशांवर ठेवले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना मी एवढंच म्हणू शकले, "आनाफिलाक्सिया. ११२." म्हणजे ॲलर्जीचा जीवघेणा झटका, आणि तिथला आणीबाणीचा नंबर. त्यांनीच फोन केला. दहा मिनिटांत त्याला बरं वाटलं तरी रुग्णालयात काही तास थांबवून घेतलं, कारण त्रास पुन्हा उलटू शकतो.

त्यानंतरचं माझं वाक्य : "तिएने आलेर्खिया आ लोस फ्रूतोस सेकोस", म्हणजे याला नट्सची ॲलर्जी आहे. त्यापुढे दोन्ही नावं वेगळी घेते : आल्मेंद्रास म्हणजे बदाम, आवेयानास म्हणजे हेझलनट.

ओंजळ
पाणपोईताई, वाचताना काटा आला. मी बरीच वर्षं स्पॅनिश शिकवते, तर त्याला जोडून सांगते. दीपशिखा, तुम्हाला शेंगदाणा हवा आहे. स्पेनमध्ये तो 'काकाउएते', मेक्सिकोत 'काकाउआते', अर्जेंटिनात 'मानी'. भाषा एकच, पण शिकवणारा जिथला तिथला शब्द तुमच्या तोंडी बसतो.

आणि फ्रान्सला गेल्यावर 'फ्रूतोस सेकोस'चं शब्दशः फ्रेंच करू नका. तिथे 'फ्रुई सेक' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मनुका, जर्दाळू येतात. नट्ससाठी 'फ्रुई आ कोक', आणि शेंगदाण्यासाठी 'काकाउएत' किंवा पाकिटावर 'आराशिद'. युरोपियन युनियनमध्ये डिसेंबर २०१४पासून चौदा ॲलर्जनांची माहिती हॉटेलांनाही द्यावी लागते. त्या यादीत शेंगदाणा आणि नट्स असे दोन वेगळे रकाने आहेत. म्हणून एकाचं नाव घेतलं की दुसरं आपोआप समजेल, असं धरू नका.

उत्तराबद्दल एक महत्त्वाचं. "येवा काकाउएते?" म्हणजे यात शेंगदाणा आहे का? वेटर म्हणतो, "क्रेओ के नो." आपल्या कानाला शेवटचं 'नो' ऐकू येतं आणि आपण जेवायला लागतो. पण त्याचा अर्थ 'मला वाटतं, नाही'. तेव्हा लगेच म्हणा, "पुएदे प्रेगुंतार एन ला कोसीना?" म्हणजे आत स्वयंपाकघरात विचाराल का? नुसता सुटा 'नो' मिळेपर्यंत ताट पुढे ओढू नका.

रानवाट
मी शाकाहारी आहे, त्यामुळे मीही असंच एक वाक्य पाठ करून ठेवलं होतं. 'मांस चालत नाही' एवढंच म्हणायचे. तरी सूपमध्ये माशाचं पाणी निघालंच. तेच वाक्य कार्डावर लिहून त्याखाली दीपशिखाने शेंगदाणा जोडला तर चालेल ना?

ओंजळ
नको. 'चालत नाही' आणि 'ॲलर्जी आहे' या दोन गोष्टी एका कार्डावर आल्या की आचारी दोन्हींकडे आवड म्हणून बघतो. कार्डावर ॲलर्जी एकटीच असू दे, त्यांच्याच लिपीत, मोठ्या अक्षरांत.

सांजवारा
माझी गोष्ट रस्त्याची आहे. ल्योंमध्ये स्टेशन कुठे हे मी फ्रेंचमध्ये झकास विचारलं, म्हणून त्या गृहस्थांनी भराभर उत्तर दिलं. त्यातलं 'द्रुआ' तेवढं कळलं आणि मी उजवीकडे वळलो. ते म्हणाले होते 'तू द्रुआ', म्हणजे सरळ. उजवीकडे म्हणजे 'आ द्रुआत'. शेवटच्या 'त'साठी पाऊण तास चाललो. आता विचारताना हाताने दिशा दाखवतो, "पार ला?" म्हणजे इकडून का? उत्तर मानेनेच येतं. चौकापर्यंतच विचारतो, पुढचं पुढच्या माणसाला.

ओंजळ
स्पॅनिशमध्येही हाच घोटाळा आहे. 'देरेचा' उजवीकडे, 'देरेचो' पुष्कळ ठिकाणी सरळ. स्पेनमध्ये सरळसाठी 'तोदो रेक्तो' जास्त ऐकू येईल.

मैलाचा दगड
आणीबाणीचं एवढं पाठ करायची गरज नाही. ११२ जगात कुठूनही लागतो. नंबर फिरवा, इंग्रजीत बोला, झालं.

कोजागरी
युरोपियन युनियनभर ११२ खरा, आणि बाहेरही बऱ्याच देशांत चालतो. पण सगळीकडे नाही. मी जपानमध्ये तीन वर्षं होते. तिथे ॲम्ब्युलन्स आणि आगीसाठी ११९, पोलिसांसाठी ११०. दक्षिण कोरियात ११२ हे पोलीस आहेत, ॲम्ब्युलन्स ११९.

माझी रूममेट जिन्यावरून पडली, तेव्हा मी ११९ लावला. फोन उचलताच पहिला प्रश्न येतो, "काजी देस का, क्यूक्यू देस का?" म्हणजे आग की रुग्ण? हा प्रश्न ठरलेला असतो, म्हणून त्याचं उत्तर आधीच पाठ करता येतं : "क्यूक्यू देस." मग विचारतात, कुठे? तिथे माझी दातखीळ बसली. घराबाहेर होतो, पत्ता सांगता येईना. जवळच्या पेय विकणाऱ्या मशीनवर छोटं स्टिकर असतं, त्यावर त्या जागेचा पत्ता छापलेला असतो. एका वाटसरूने मला ते बोटाने दाखवलं आणि फोन घेऊन वाचून दाखवला. आधी जागा, मग काय झालं, हा क्रम मी तेव्हापासून सोडलेला नाही. फोन मध्येच तुटला तरी गाडी निघालेली असते.

रानवाट
ही कल्पना फारच उपयोगी. मी हॉटेलच्या पत्त्याचा फोटो फोनच्या पहिल्याच पानावर ठेवते आहे.

दीपशिखा
सगळ्यांचे मनापासून आभार. एक शंका राहिली. पाकिटांवर 'पुएदे कोंतेनेर त्राथास' असं लिहिलेलं असतं, म्हणजे अंश असू शकतात. मुलीला आजवर अशा बिस्किटांचा त्रास झाला नाही. तिथे ती खाऊ देऊ का?

पाणपोई
आम्ही देत नाही. असा इशारा छापणं सक्तीचं नाही, त्यामुळे तो नसलेलं पाकीटही आपोआप सुरक्षित ठरत नाही.

सांजवारा
माझ्या भाचीला तिचे डॉक्टर चालेल म्हणतात, पण तिला कमी त्रास होतो.

दीपशिखा
म्हणजे हे आमच्या डॉक्टरांनाच विचारायला हवं. शुक्रवारी जाते आहे, पेनं दोन घेऊ का तेही विचारते.

पाणपोई
दोन घ्याच. दोन्ही हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात नको.