मदत हवी आहे: टाके भरायला प्रथिनं हवीत, पण आईला चार घासांवर जेवण जात नाही

नमस्कार मंडळी, आम्ही नागपूरचे. आईच्या आतड्याचं ऑपरेशन होऊन आज 11 दिवस झाले. डॉक्टरांनी मऊ जेवण सुरू करायला सांगितलंय. खालचा एक टाका थोडा उकललाय. ताप नाही, पू नाही, ड्रेसिंग चालू आहे. आहारतज्ज्ञ ताईंनी 55 किलो वजनाला दिवसाला 70 ग्रॅम प्रथिनं सांगितली.

काल मी हिशोब मांडला. दोन उकडलेली अंडी 12, वाटीभर मुगाचं वरण 6, पेलाभर दूध 6, वाटीभर दही 5, कुस्करलेलं 50 ग्रॅम पनीर 9. म्हणजे 38 च! मी आपली पातळ वरणाच्या पाण्यावर भरवसा ठेवून होते, त्यात काही नसतंच. तूरडाळीने पोट फुगतं, म्हणून साल काढलेली मूगडाळच घोटून देते.

आता घास न वाढवता प्रथिनं वाढवायची आहेत. दुधात दोन मोठे चमचे साय काढलेल्या दुधाची पावडर घातली तर साधारण 5 ग्रॅम वाढतात, पण त्याने कोणाला गॅस झाला का? मऊ खिचडीत अंडं फेटून शिजवलंय कोणी? सहा वेळा थोडंथोडं कसं बसवता? तिखट नको, आणि चोथा असलेल्या भाज्या सध्या बंद आहेत. जे सांगाल ते डॉक्टरांना विचारूनच देईन.